वाटीतले दोन डोंगल

सोमवारी सकाळी साडेसहाला माझा दहावीचा ऑनलाइन गणिताचा वर्ग असतो. मुलांना आठला शाळेत पोचायचं असतं, म्हणून मिनिटभरही उशीर चालत नाही. सहा वीसला लॅपटॉप उघडला, हेडसेट डोक्यावर चढवला, बटण दाबलं. ‘टुंग’ वाजलं. एरवी त्यामागोमाग दोन सेकंदांत दुसरं ‘टुंग’ वाजतं, थोडं वरच्या पट्टीतलं. पहिलं म्हणजे हेडसेट चालू झाला, दुसरं म्हणजे त्याला डोंगल सापडला. त्या दिवशी दुसरं वाजलंच नाही. उजव्या कानाच्या कपावरचा पांढरा दिवा सावकाश लुकलुकत राहिला.

वर्ग तसाच घेतला, लॅपटॉपच्याच स्पीकरवर आणि त्याच्याच माइकवर. शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि दूधवाल्याची हाक मुलांनी वर्गसमीकरणांसोबत ऐकली. एक मुलगा म्हणालाही, “टीचर, आज तुम्ही विहिरीतून बोलताय.”

हेडसेटची जात आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. हा ब्लूटूथचा हेडसेट नाही. सोबत अंगठ्याच्या पेराएवढा यूएसबी डोंगल येतो आणि हेडसेट फक्त त्याच्याशी बोलतो. लहरी ब्लूटूथच्याच पट्ट्यातल्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या, पण भाषा कंपनीची स्वतःची. गेम खेळणारे असे हेडसेट घेतात, कारण आवाज मागे पडत नाही. मी घेतला तो माइकसाठी. साधा ब्लूटूथ हेडसेट कॉलवर माइक सुरू झाला की बहुधा फोनवर बोलण्याच्या मोडमध्ये जातो, मग ऐकू येणारा आणि जाणारा दोन्ही आवाज टेलिफोनसारखे चपटे होतात. दिवसाचे चार तास बोलणाऱ्या माणसाला ते सोसवत नाही. इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा माझ्याकडेच राहतो. त्यालाही गेमसाठी हवा होता, आणि सेलमध्ये दोन घेतल्यावर सूट होती. म्हणून एकाच मॉडेलचे, एकाच काळ्या रंगाचे दोन हेडसेट घरात आले.

वर्ग संपल्यावर चहा घेऊन बसले. सगळ्यांसारखीच पहिली चूक केली. विंडोजच्या Bluetooth & devices मध्ये जाऊन Add device दाबलं आणि वाट बघत बसले. भाच्याचा स्पीकर सापडला, खालच्या मजल्यावरचा कुणाचा तरी टीव्ही सापडला, हेडसेट काही सापडेना. सापडणार कसा? ज्याला ब्लूटूथ येतच नाही, तो त्या यादीत येणार नाही. दहा मिनिटं गेली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मग Settings मधल्या Sound मधून More sound settings उघडलं. तिथे हेडसेटचं नाव होतं, निवडलेलंही होतं. गाणं लावलं तर आवाजाची हिरवी पट्टी वरखाली नाचत होती. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते सगळं आलबेल. असे बहुतेक डोंगल कॉम्प्युटरला ‘मी यूएसबी साउंड कार्ड आहे’ एवढंच सांगतात. पलीकडे हेडसेट आहे की नाही, याच्याशी कॉम्प्युटरला देणंघेणं नसतं. आवाज डोंगलपर्यंत पोचला की त्याचं काम संपलं. म्हणून ड्रायव्हर काढून परत टाकणं, लॅपटॉप पुन्हा सुरू करणं हे असल्या दुखण्यावरचं औषध नव्हे. तरी मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. हात शिवशिवतात.

त्याच पडद्यावर एक खूण होती आणि मी ती पाहून सोडून दिली. हेडसेटच्या नावाआधी ‘2-’ असं लागलेलं होतं. आधी तिथे आकडा नव्हता. विंडोजला त्याच नावाचं पण वेगळं उपकरण वाटलं की ते नावाआधी असा आकडा लावतं. तेच उपकरण दुसऱ्या पोर्टमध्ये खुपसलं तरी कधी कधी लागतो, म्हणून तो पक्का पुरावा नव्हे. मी मनाशी म्हटलं, काल साफसफाई केली तेव्हा पोर्ट बदललं असेल. साफसफाई आठवली, पण विचार तिथेच थांबला.

कंपनीचं अ‍ॅप लॅपटॉपवर होतंच. ते उघडलं तर डोंगल दिसत होता, त्याखाली हेडसेट करड्या रंगात, ‘जोडलेला नाही’ अशा नोंदीसह. वर पिवळ्या पट्टीत नवं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकण्याचं आमंत्रण. ते बटण मी दाबलं नाही, आणि त्या दिवशी केलेल्या शहाणपणाच्या मोजक्या गोष्टींत ही एक. हेडसेट जोडलेला नसताना नवं फर्मवेअर गेलं असतं फक्त डोंगलमध्ये. एका बाजूला नवी आवृत्ती, दुसरीकडे जुनी, आणि मग दोघांचं जमेना झालं तर दोष नेमका कशाचा हे कधीच कळलं नसतं. बिघाड शोधताना आणखी एक बदल करायचा नाही, हे गणित शिकवणाऱ्या बाईला तरी कळायला हवं.

दहा वाजता सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथल्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, डोंगल वेगळा मिळत नाही. पूर्ण सेटच घ्यावा लागेल.” मी म्हटलं, “अहो, डोंगल हरवलेला नाही. माझ्या हातातच आहे.” मग म्हणाला, “तर पेअरिंग गेलं असेल. पीडीएफ बघा.” एवढं बोलून फोन ठेवला. रागावले, पण शब्द कामाचा दिला होता त्याने.

खोक्यातल्या घडीच्या कागदावर पेअरिंगचा उल्लेखच नव्हता. कारखान्यातच डोंगल आणि हेडसेट एकमेकांना बांधून पाठवतात, म्हणून नव्या गिऱ्हाइकाला त्याची गरज पडत नाही. कंपनीच्या साइटवर मोठं मॅन्युअल होतं, त्यात अगदी शेवटी अर्धं पान. डोंगलच्या बुडाला टाचणीएवढं भोक आहे, त्याच्या आत बटण आहे, ते पाच सेकंद दाबा. दिवा भराभर लुकलुकू लागेल. मग बंद असलेल्या हेडसेटवर पॉवर आणि म्यूट ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकते. मोबाइलचं सिमकार्ड काढायची पिन घेतली आणि चष्मा न लावता भोक शोधायला लागले. हेडसेटच्या कपाखाली एक बारीक भोक दिसलं. पिन टेकवली, दाबणार एवढ्यात वाटलं, मॅन्युअलमध्ये तर डोंगलचं चित्र आहे. चष्मा लावून पाहिलं तर त्या भोकाशेजारी माइकचं बारकं चित्र कोरलेलं. आत माइकचा पडदा. पिन आत गेली असती तर पेअरिंग राहिलं बाजूला, माइकच गेला असता. बटणाच्या भोकात पिन घातली की आत ‘टक्’ असं लागतं. टक् लागलं नाही तर जोर लावायचा नाही.

आता प्रत्यक्ष पेअरिंग. चौथ्या खेपेला जमलं, आणि आधीच्या तिन्ही खेपांना माझंच चुकलं.

पहिल्यांदा डोंगलचं बटण दाबलं, दिवा भराभर लुकलुकू लागला, आणि मग मी मॅन्युअलमधला पुढचा भाग वाचायला घेतला. वाचून होईतो डोंगल थकला आणि परत सावकाश लुकलुकायला लागला. पेअरिंगसाठी तो थोडाच वेळ कान उघडे ठेवतो, माझ्या डोंगलचा हा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघाला. म्हणून आधी सगळं वाचायचं, मग पिन हातात घ्यायची.

दुसऱ्यांदा हेडसेटची बटणं दाबली, ‘टुंग’ वाजलं, आणि वाजलं म्हणजे झालं असं समजून सोडली. तो नुसता चालू झाला आणि आपला जुनाच जोडीदार शोधत बसला. बटणं त्या आवाजाच्या पुढेही दाबून धरायची असतात. तीन सेकंदांनी टुंग, आणि तरीही न सोडता दहाव्या सेकंदाच्या सुमारास दिव्याची चाल बदलते. फरक दिव्यात ओळखायचा. सावकाश लुकलुकणं म्हणजे ‘माझा डोंगल कुठे आहे?’, भराभर लुकलुकणं म्हणजे ‘कुणीही नवा चालेल’. हा फरक कळेपर्यंत मी दोन्ही दिवे ‘लुकलुकतोय’ या एकाच खात्यात टाकत होते.

तिसऱ्यांदा हेडसेट चार्जिंगला लावलेला होता. म्हटलं, मधेच बॅटरी नको जायला. माझ्या मॉडेलमध्ये केबल लागलेली असली की हेडसेट पेअरिंगमध्ये जातच नाही, दिवा नारिंगीच राहतो. केबल काढली.

चौथ्यांदा हेडसेट पूर्ण बंद, केबल नाही, डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हेडसेट त्याच्यापासून वीतभर अंतरावर. पिन, पाच सेकंद, भराभर. लगेच दोन्ही बटणं, टुंग, न सोडता, दहा सेकंद, भराभर. दोन्ही दिवे तीनेक सेकंद आपापल्या तालात उडत राहिले आणि मग एकदम दोन्ही स्थिर झाले. दुसरं ‘टुंग’ वाजलं. मगाशी लावलेलं गाणं कानात सुरू झालं, तेही पूर्ण आवाजात.

दुपारचे आणि संध्याकाळचे वर्ग ठणठणीत झाले. लिंक का गेली असेल यावर मी विचारच केला नाही.

सातला भाचा कॉलेजमधून आला, जेवला, खोलीत गेला आणि पाच मिनिटांत दारात उभा. “मावशी, माझा हेडसेट लागत नाहीये. नुसताच लुकलुकतोय.”

तेव्हा मला वाटी आठवली. रविवारी टेबल पुसताना दोन्ही लॅपटॉपचे डोंगल काढून मी स्टीलच्या वाटीत ठेवले होते. नंतर माझा मी लावला, त्याचा त्याने लावला. निदान आमची समजूत तशी होती.

म्हणजे सकाळी माझ्या लॅपटॉपला भाच्याचा डोंगल होता. तो शोधत होता भाच्याचा हेडसेट, आणि तो शेजारच्या खोलीत खुंटीवर बंद अवस्थेत लटकलेला. माझा हेडसेट शोधत होता माझा डोंगल, आणि तो भाच्याच्या लॅपटॉपला लागून कॉलेजच्या बॅगेत गेलेला. दोन्ही डोंगल धडधाकट, दोन्ही हेडसेट धडधाकट. मी सकाळी खुंटीवरचा हेडसेट नुसता चालू केला असता, तरी माझं गाणं त्यात वाजलं असतं आणि सगळा उलगडा एका मिनिटात झाला असता. ते ‘2-’ सुद्धा हेच सांगत होतं.

भाचा हसायला लागला. “मग काय, डोंगल बदलून टाकू ना परत.” मलाही क्षणभर ते पटलं. बदलले. त्याचा त्याला, माझा मला. आणि आता दोघांनाही आपापल्या लॅपटॉपचा आवाज येईना.

यावर आम्ही कागद घेऊन बसलो, कारण तोंडी हिशोब चुकत होता. पेअरिंग म्हणजे दोन्हीकडे एकमेकांची ओळख लिहिली जाणं. डोंगलच्या स्मरणात हेडसेटचा क्रमांक, हेडसेटच्या स्मरणात डोंगलचा, आणि ही नोंद वीज गेली तरी पुसत नाही. आमच्या मॉडेलमध्ये दोघांनाही एकच नाव लक्षात ठेवता येतं, नवं लिहिलं की जुनं जातं. सकाळच्या पेअरिंगमध्ये माझ्या हेडसेटने भाच्याच्या डोंगलचं नाव लिहून घेतलं आणि माझ्या डोंगलचं पुसलं. भाच्याच्या डोंगलने माझ्या हेडसेटचं लिहिलं आणि त्याच्या हेडसेटचं पुसलं. माझा डोंगल दिवसभर बॅगेत होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याच्याकडे अजून माझ्या हेडसेटचं नाव. भाच्याच्या हेडसेटकडे अजून त्याच्या जुन्या डोंगलचं. म्हणजे घरात एकच जोडी दोन्ही बाजूंनी जुळलेली होती, सकाळी मी लावून दिलेली. उरलेले दोघं अशा कुणाला तरी शोधत होते ज्याला त्यांची ओळखच राहिली नव्हती. नोंद एकतर्फी असली की लिंक होत नाही. डोंगल पुन्हा अदलाबदल केल्यावर तर जुळलेली एकमेव जोडीही वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसली.

पर्याय दोन. दोन्ही जोड्या मूळपदावर आणायच्या तर दोनदा पेअरिंग. सकाळची जोडी तशीच ठेवून उरलेले दोन एकमेकांना बांधायचे तर एकदाच. डोंगल सारखेच, त्यामुळे कुणाचा कुणाकडे राहिला याने काही बिघडत नव्हतं. डोंगल परत फिरवले, माझं दुसरं ‘टुंग’ वाजलं, आणि मग भाच्याचं पेअरिंग हातात घेतलं.

एक काळजी तेवढी घेतली. माझा हेडसेट पूर्ण बंद केला, आणि माझा डोंगलही उपटून ठेवला. पेअरिंगमध्ये असलेला डोंगल ‘कुणीही चालेल’ म्हणत असतो, तेव्हा जवळपास दुसरं कुणी जागं नसलेलं बरं. भाच्याने पिन घेतली, मी सेकंद मोजले, पहिल्याच खेपेत दोन्ही दिवे स्थिर. सकाळी मला पाऊण तास लागला होता. त्याला एवढं सोपं गेल्याचा किंचित राग आला, खोटं कशाला बोलू.

पण तो खेळायला बसला आणि पाच मिनिटांत परत आला. लिंक होती, आवाज मात्र तुटत होता. मान वळवली की करकर, खुर्ची मागे घेतली की दोन सेकंद शांतता. त्याने तर्क लढवला, पेअरिंग अर्धवट झालं असेल. मला ते पटेना. पेअरिंग एकतर होतं किंवा होत नाही. नावं लिहिली गेली की त्याचं काम संपलं. आवाज तुटणं म्हणजे ओळख आहे, पण ऐकू नीट येत नाही. मग विचारलं, डोंगल आत्ता लावलाय कुठे?

पेअरिंगच्या वेळी हाताशी यावा म्हणून त्याने तो टेबलावरच्या यूएसबी हबमध्ये लावला होता आणि तिथेच राहू दिला होता. त्याच हबमध्ये चार बोटांवर त्याची बाहेरची एसएसडी, आणि गेम तिच्यावरून चालत होता. यूएसबी 3 वर डेटा धावतो तेव्हा केबल आणि जोडणीतून जो गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने 2012 मध्ये यावर एक अहवाल काढला होता, बिनतारी माउस अशा पोर्टशेजारी कसे अडखळतात ते मोजून दाखवणारा. डोंगलसाठी ते म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाचं कुजबुजणं ऐकण्यासारखं. गेम थांबवून पाहिला, एसएसडी शांत झाली आणि करकरही थांबली. परत सुरू केला, करकर सुरू.

उपाय साठ रुपयांचा होता आणि ड्रॉवरमध्येच पडून होता. जुन्या वेबकॅमसोबत आलेली मीटरभर लांबीची यूएसबी 2 ची एक्स्टेंशन वायर. तिच्या टोकाला डोंगल लावून तो मॉनिटरच्या वर चिकटपट्टीने बसवला, हेडसेटच्या समोर आणि एसएसडीपासून हातभर लांब. आवाजासाठी यूएसबी 2 चा वेग भरपूर होतो. त्यानंतर तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तरी आवाज तुटला नाही. तिथून ओरडून सांगितलंन, “मावशी, इथपर्यंत येतंय!” आणि बाटली तशीच उघडी ठेवून परत खेळायला पळाला.

फर्मवेअरचं ते पिवळं बटण पुढच्या रविवारी दाबलं. आधी डोंगल, मग हेडसेट केबलने जोडून, एक सेट पूर्ण झाल्याशिवाय दुसरा समोर आणायचा नाही असं ठरवून. दोन्ही लिंक टिकल्या.

माझ्या डोंगलवर आणि हेडसेटच्या पट्टीच्या आतल्या बाजूला आता लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका आहे. भाच्याला नेलपॉलिश नको होतं, त्याने पांढऱ्या करेक्शन पेनने रेघ मारली. ती दोनदा खरवडली गेली, तिसऱ्यांदा मी तो झोपला असताना त्याच्या डोंगलवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्याला अजून दिसलेला नाही. वाटी परत स्वयंपाकघरात गेली आहे, मोहरीची.